अठ्ठ्याहत्तराची सवलत

दहा हजार डॉलरचं कर्ज. मुदत पंधरा वर्षं, व्याज दरसाल १८ टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का. हप्ता बसतो १६१ डॉलर ४ सेंट. कर्जदार तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरतो; खिशातून ५,७९७ डॉलर जातात. मग कुठूनतरी हातात पैसा येतो आणि तो उरलेलं कर्ज एकरकमी फेडायला कंपनीच्या दारात उभा राहतो. कारकून हिशेब करतो, पुढच्या बारा वर्षांचं व्याज आता द्यावं लागणार नाही म्हणून त्याची नियमाप्रमाणे सवलत वजा करतो आणि आकडा सांगतो : ११,०२१ डॉलर.

घेतले त्यापेक्षा हजार डॉलर जास्त, आणि तेही तीन वर्षं हप्ते भरल्यानंतर. या उदाहरणातले आकडे मी बेतलेले आहेत, पण पद्धत बेतलेली नाही. कारकुनाची बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे, करारात हीच पद्धत लिहिलेली आहे, आणि १९९३च्या सप्टेंबरअखेरपर्यंत अशा लांब मुदतीच्या कर्जावर ती वापरायला अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याची आडकाठी नव्हती. पद्धतीचं नाव ‘रूल ऑफ सेव्हंटी एट’, म्हणजे ७८चा नियम. गंमत अशी की तो जन्माला आला तेव्हा कर्जदाराच्या बाजूचा मानला जात होता, आणि ते मानणं अगदीच चुकीचं नव्हतं.

ते कसं, हे कळायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेत जावं लागतं. तिथल्या बहुतेक राज्यांत सावकारीविरोधी जुने कायदे होते आणि व्याजाची कमाल मर्यादा साधारण सहा टक्क्यांच्या आसपास असे. या दराने एखाद्या गिरणी कामगाराला शंभर डॉलर देऊन ते आठवड्या-आठवड्याने वसूल करणं कोणत्याही बँकेला परवडणारं नव्हतं. मग वाटा निघाल्या. व्हर्जिनियातल्या नॉरफोक शहरात आर्थर मॉरिस या वकिलाने १९१० साली काढलेली वाट फार गाजली. शंभर डॉलरच्या कर्जातून सहा डॉलर व्याज पहिल्याच दिवशी कापून घ्यायचे, वर चौकशीची फी घ्यायची, आणि कर्जदाराने दर आठवड्याला भरलेले पैसे कर्जात जमा न करता त्याच्याच नावच्या एका ठेवीच्या खात्यात ठेवायचे. वर्ष संपलं की त्या ठेवीतून कर्ज एकदम फिटायचं. कागदावर माणसाकडे वर्षभर पूर्ण शंभर डॉलर असायचे, म्हणून व्याज सहा टक्के. प्रत्यक्षात त्याच्याकडे सरासरी त्याच्या निम्मेच पैसे असायचे, म्हणजे खरा दर दुपटीच्या पुढे.

दुसरी वाट दुकानदारांची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६१ साली ‘हॉग विरुद्ध रफ्नर’ खटल्यात एक भेद मान्य केला होता : रोखीची किंमत वेगळी आणि उधारीची किंमत वेगळी सांगितली, तर त्यातला फरक म्हणजे व्याज नव्हे. तो मालाच्या भावाचाच भाग. त्यामुळे व्याजाच्या मर्यादेचा कायदा तिथे लागूच होत नव्हता. शिवणयंत्रं, पियानो, फर्निचर अशा रीतीने विकलं जात होतंच. १९१९ साली जनरल मोटर्सने स्वतःची कर्जकंपनी काढली आणि मोटारीही हप्त्यावर मिळू लागल्या.

या दोन्ही वाटांमध्ये एक गोष्ट समान होती. संपूर्ण मुदतीचा आकार आधीच मोजून मुद्दलात मिळवायचा, येणाऱ्या बेरजेला हप्त्यांच्या संख्येने भागायचं आणि त्या बेरजेचीच वचनचिठ्ठी लिहून घ्यायची. आपल्याकडे आज ज्याला ‘फ्लॅट रेट’ म्हणतात तो हाच प्रकार. गिऱ्हाइकाने १,२०० डॉलर देईन असं लिहून दिलं की त्याचं देणं १,२००च. त्यात मुद्दल किती आणि आकार किती, हा प्रश्न कायद्याच्या नजरेत उरतच नाही. तेव्हा सहा महिन्यांनी तो म्हणाला की मी सगळं आज फेडतो, मला काही सोडा, तर ‘काय म्हणून सोडायचं?’ असं विचारण्याचा दुकानदाराला पूर्ण हक्क होता. काहीजण मनाने थोडं सोडत, काहीजण छदामही सोडत नसत.

याच काळात एक तिसरी, सरळ वाटही होती, हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे सगळे हिंडून फिरून तिच्याकडेच परत आले. न्यूयॉर्कच्या रसेल सेज फाउंडेशनने १९१६ साली छोट्या कर्जांसाठी एक नमुना कायदा तयार केला. ३०० डॉलरपर्यंतच्या कर्जावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज घ्यायला त्याने परवानगी दिली. दर चढा होता, पण तो फक्त त्या-त्या वेळी शिल्लक असलेल्या मुद्दलावर घ्यायचा आणि आधी काहीही कापायचं नाही. अशा कर्जात मुदतपूर्व फेडीच्या सवलतीचा प्रश्नच येत नाही. आज शिल्लक किती, तेवढी भरा आणि मोकळे व्हा. जे व्याज अजून लागलंच नाही, त्याची सूट ती काय द्यायची?

आधीच व्याज मिळवून ठेवणाऱ्या कर्जांना मात्र सूट मोजण्याची एखादी रीत हवी होती. १९३०च्या दशकात राज्यांनी हप्त्याच्या विक्रीवर कायदे करायला सुरुवात केली, आणि इंडियाना राज्याने १९३५ साली ७८चं सूत्र कायद्यात घातलं. हा नियम कायद्याच्या पुस्तकात शिरला तो तिथून, असं साधारण मानतात. जिथे काहीच मिळत नव्हतं तिथे आता ठरलेल्या हिशेबाने सवलत मिळू लागली. त्या दिवशीच्या गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर ही सुधारणाच होती.

आता तो हिशेब. वर्षाचं कर्ज, बारा हप्ते. पहिल्या महिन्यात कंपनीचे पैसे सर्वांत जास्त अडकलेले असतात, म्हणजे बारा हप्त्यांइतके. दुसऱ्या महिन्यात अकरा, आणि शेवटच्या महिन्यात एकाच हप्त्याइतके. तेव्हा व्याजही त्याच प्रमाणात वाटावं. बारा, अकरा, दहा असं करत एकपर्यंत आलं की बेरीज होते ७८. पहिल्या महिन्याचं व्याज एकूण व्याजाच्या ७८ भागांपैकी १२ भाग, दुसऱ्याचं ११ भाग, शेवटच्याचं एक भाग. सहा महिन्यांनी कर्ज फेडलं तर पुढच्या सहा महिन्यांचे भाग म्हणजे सहापासून एकपर्यंतची बेरीज, २१. एकूण व्याजाच्या ७८ पैकी २१ भाग परत, बाकीचे ५७ कंपनीचे.

दोन वर्षांच्या कर्जाला चोविसापासून बेरीज करायची, ती ३०० होते. पाच वर्षांच्या कर्जाला ती १,८३०. नाव मात्र सगळीकडे ७८चंच राहिलं, कारण वर्षाचं कर्ज हाच तेव्हाचा नेहमीचा प्रकार. आणि ही रीत लोकप्रिय का झाली, हे समजायला तेव्हाचं दुकान डोळ्यांसमोर आणावं लागतं. शिलकीवर व्याज मोजायचं तर आधी त्या हप्त्यात दडलेला मासिक दर शोधावा लागतो. त्याला थेट सूत्र नाही, अंदाज बांधून पुन्हा पुन्हा दुरुस्त करत जावं लागतं. मग प्रत्येक महिन्याची शिल्लक काढायची. हातात पेन्सिल आणि फार तर छापील कोष्टकं असलेल्या कारकुनाकडून काउंटरवर उभ्या गिऱ्हाइकासमोर हे होणं अवघड. ७८च्या हिशेबाला दर लागतच नाही. एकूण आकार, एकूण हप्ते, उरलेले हप्ते, एवढं माहीत असलं की पाचवीतला मुलगाही उत्तर काढेल.

दर लागत नाही, हीच त्याची सोय, आणि सगळा घोटाळाही तिथेच आहे.

खरं व्याज लागतं ते शिल्लक मुद्दलावर. ७८चा नियम असं धरून चालतो की ही शिल्लक दर महिन्याला सारख्याच पायरीने उतरते : बारा, अकरा, दहा. मुद्दल समान भागांत फेडलं असतं तर तसंच झालं असतं. पण समान हप्त्याच्या कर्जात मुद्दल समान भागांत फिटत नाही. हप्ता ठरलेला असतो. सुरुवातीला त्यातला मोठा वाटा व्याजात जातो आणि मुद्दल थोडंच उतरतं, शेवटी शेवटी मुद्दल भराभर उतरतं. म्हणजे शिल्लक सुरुवातीला नियम समजतो त्यापेक्षा संथपणे खाली येते, आणि मधल्या काळात ती सरळ रेषेच्या वर फुगलेली राहते.

आता इथे वाचकाच्या मनात शंका यायला हवी. शिल्लक फुगलेली राहते म्हणजे मधल्या काळात व्याजही जास्त लागायला हवं. मग ७८चा नियम तर कंपनीचंच नुकसान करत असेल? माझीही पहिली शंका हीच होती. पण एकूण व्याजाचा आकडा आधीच ठरलेला आहे, तो बदलत नाही. प्रश्न फक्त तो महिन्यांमध्ये कसा वाटायचा एवढाच. मधल्या आणि उत्तरार्धातल्या महिन्यांत पहिल्या महिन्याच्या मानाने अजूनही पुष्कळ मुद्दल शिल्लक असेल, तर त्यांच्या वाट्याला व्याजाचा मोठा भाग यायला हवा आणि पहिल्या महिन्यांच्या वाट्याला लहान. ७८चा नियम नेमका उलटा झुकतो. नंतरच्या महिन्यांचं व्याज तो ओढून पुढे आणतो. मध्येच कर्ज फेडणारा माणूस त्यामुळे खऱ्याहून जास्त व्याज ‘लागलेलं’ धरून बाहेर पडतो.

आणि ही चूक नेहमी एकाच दिशेला होते. हप्ते सारखे असतील तर शिल्लक कधीच त्या सरळ रेषेच्या खाली जात नाही, मग दर कोणताही असो आणि महिना कोणताही असो. दर शून्याजवळ असेल तर रेष आणि वक्र जवळपास एकच होतात. दर वाढला की फुगवटा वाढतो, मुदत वाढली की आणखी वाढतो. नियमाला दर माहीतच नसल्यामुळे चार टक्क्यांच्या कर्जालाही तो तेच अपूर्णांक लावतो आणि चोवीस टक्क्यांच्याही. अंदाजी पद्धतीत कधी याचा फायदा तर कधी त्याचा, असं असायला हवं. इथे प्रत्येक वेळी तराजू धनकोकडेच झुकतो.

किती झुकतो, हे पाहिल्याशिवाय रागावणं बरोबर नाही. नियम ज्या कर्जासाठी निघाला तसंच एक घेऊ. मुद्दल १,१२२ डॉलर, आकार ७८ डॉलर, म्हणजे एकूण १,२००, दरमहा शंभर. यातला खरा दर दरसाल साधारण १२.६ टक्के निघतो. सहा हप्त्यांनंतर उरलेले हप्ते ६०० डॉलरचे, त्यातून २१ डॉलरची सवलत जाता भरायचे ५७९. शिलकीवर काटेकोर व्याज मोजून येणारी रक्कम ५७८ डॉलर ५७ सेंट. फरक ४३ सेंटचा. एवढ्यासाठी कारकुनाला तासभर बसवून ठेवणं कोणालाच परवडलं नसतं. मी १९३५ साली इंडियानाच्या विधिमंडळात असतो, तर बहुधा याच्या बाजूने हात वर केला असता.

मोटारीच्या कर्जाकडे या. दहा हजार डॉलर, पाच वर्षं, दरसाल १२ टक्के. हप्ता २२२ डॉलर ४४ सेंट. दोन वर्षांनी फेडलं तर शिलकीच्या हिशेबाने ६,६९७ डॉलर, ७८च्या हिशेबाने ६,७९०. फरक ९३ डॉलर, म्हणजे हप्त्याच्या चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त. कोणी दिवाळं काढणार नाही, पण आता हे सेंटांचं काम राहिलेलं नाही.

आणि पंधरा वर्षं, अठरा टक्के? तिथे हिशेब वेडाच होतो. एकपासून १८०पर्यंतची बेरीज १६,२९०. एकूण व्याज १८,९८७ डॉलर. पहिल्या महिन्याच्या वाट्याला त्यातले १८० भाग, म्हणजे २०९ डॉलर ८० सेंट. दहा हजारांवर दीड टक्क्याने खरं व्याज १५० डॉलर होतं. नियम म्हणतो जवळपास २१०. पण हप्ताच १६१चा आहे! म्हणजे हप्ता भरूनही नियमाच्या वहीत कर्ज ४९ डॉलरने वाढलं. दुसऱ्या महिन्यात पुन्हा वाढलं. बेचाळीस महिने ते असं चढतच राहतं आणि ११,०४४ डॉलरवर जाऊन वळतं. सात वर्षांनी, १३,५०० डॉलरहून जास्त रक्कम भरून झाल्यावरही, ७८च्या नियमाने फेडीची रक्कम १०,०३२ डॉलर येते. शिलकीच्या हिशेबाने ती ८,१६५ असायला हवी.

१९६०-७०च्या दशकांत अमेरिकेत अशी लांब आणि महाग कर्जं खरोखर दिली जात होती : घरावरचं दुसरं गहाण, घराच्या दुरुस्तीसाठी, चाकांवरच्या घरांसाठी. बारा महिन्यांसाठी कापलेला कपडा १८० महिन्यांच्या अंगावर चढवला जात होता आणि कुणी शिवण उसवून बघत नव्हतं.

कंपन्यांना यात आणखी एक सोय होती. त्याच गिऱ्हाइकाला वर्ष-दीड वर्षाने ‘थोडे जास्त पैसे हवेत का?’ असं विचारायचं. तो हो म्हणाला की जुनं कर्ज नव्या कर्जातून मुदतपूर्व फेडून टाकायचं. फेडीची रक्कम ७८च्या नियमाने फुगलेली असते, ती नव्या कर्जाचं मुद्दल बनते, आणि नव्या कर्जाचे पहिले, सर्वांत जड महिने पुन्हा सुरू होतात. वर्षभराने पुन्हा तेच. गिऱ्हाईक व्याजाच्या उताराच्या माथ्यावरच फिरत राहतो, खाली कधी येतच नाही. कर्जाला जोडलेल्या आयुर्विम्याच्या हप्त्याचा परतावाही याच अपूर्णांकांनी मोजला जायचा, तो वेगळाच.

१९६८ साली अमेरिकन काँग्रेसने कर्जाची खरी माहिती देण्याचा कायदा केला. कर्जाचा खरा वार्षिक दर ठळकपणे सांगणं बंधनकारक झालं. आपल्याला वाटेल, इथे हे प्रकरण संपलं असेल. संपलं नाही. वार्षिक दर काढताना कर्ज शेवटपर्यंत चालणार असं धरून हिशेब होतो, आणि शेवटपर्यंत चालणाऱ्या कर्जात ७८चा नियम लागूच होत नाही. एकूण व्याज तेवढंच, हप्ते तेवढेच. म्हणून १८ टक्के हा छापलेला दर खरा असतो, पण केवळ मुदतीआधी न फेडणाऱ्यासाठी. आपल्या उदाहरणातल्या तीन वर्षांनी फेडणाऱ्या माणसाला तो जवळपास २२ टक्के पडला. एका महिन्यात फेडणाऱ्याला २५. हा दर करारावर कुठेच नसतो, कारण तो माणूस कधी फेडणार हे करार लिहिताना कोणाला माहीत नसतं. सवलतीची पद्धत कोणती, एवढं सांगितलं की कायद्याचं समाधान होत असे. ‘रूल ऑफ सेव्हंटी एट’ ही अक्षरं वाचून सामान्य माणसाला काय कळणार? जेम्स हंट यांनी १९७५ साली बोस्टन विद्यापीठाच्या कायद्याच्या नियतकालिकात या नियमावर सविस्तर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी याला मुदतपूर्व फेडीवरचा छुपा दंड म्हटलं होतं.

पण कर्जदारांच्या वतीने केलेल्या युक्तिवादाने जे झालं नाही, ते सरकारच्या स्वतःच्या तिजोरीला हात लागताच झालं. या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. करबचतीच्या योजना आखणाऱ्या हुशार लोकांच्या लक्षात आलं की ७८चा नियम व्याज पुढे ओढतो. मग आपण कर्जदार म्हणूनच तो मागून घेतला तर? मोठी, लांब मुदतीची कर्जं मुद्दाम या नियमाने करायची आणि पहिल्या वर्षांत फुगलेलं ‘व्याज’ खर्च म्हणून दाखवून कर वाचवायचा. अमेरिकेच्या आयकर खात्याने १९८३ साली निर्णय दिला की या पद्धतीने काढलेलं व्याज प्रत्यक्ष लागलेल्या व्याजाशी जुळत नाही, म्हणून वजावट मिळणार नाही. लहान मुदतीच्या ग्राहककर्जांपुरती सूट ठेवली. म्हणजे हा आकडा खरं व्याज नव्हे, हे सरकारने लेखी मान्य केलं. मात्र हेच आकडे लावून फेड करणाऱ्या सामान्य कर्जदाराला त्या निर्णयाचा काही उपयोग नव्हता. त्याच्यासाठी आणखी नऊ वर्षं गेली.

१९९२ साली घरबांधणीविषयक एका मोठ्या कायद्यातल्या एका कलमाने ६१ महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या ग्राहककर्जांना हा नियम लावायला बंदी केली. ३० सप्टेंबर १९९३नंतरच्या कर्जांना ती लागू झाली. सवलत शिलकीवरच्या व्याजाच्या पद्धतीइतकी तरी असलीच पाहिजे, असं कलमात आहे. ६१ महिन्यांची रेघ कुठे पडते पाहा : पाच वर्षांचं मोटारकर्ज तिच्या आत राहतं. त्याखालच्या कर्जांचं काय करायचं हे राज्यांवर सोडलं. बऱ्याच राज्यांनी हा नियम आपापल्या हद्दीत बंद किंवा मर्यादित केला, सगळ्यांनी नाही.

ब्रिटनची कथा उशिराची, पण अधिक चमत्कारिक. तिथे ग्राहककर्जाचा सर्वंकष कायदा १९७४ साली झाला आणि मुदतपूर्व फेड करणाऱ्याला सवलतीचा हक्क मिळाला. ती मोजायची कशी, हे सांगणारी नियमावली आली १९८३ साली, म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं हा आकडा खोटा ठरवत होतं त्याच वर्षी; आणि तिने किमान सवलतीसाठी ७८चंच सूत्र उचललं. वर, फेडीची तारीख हिशेबापुरती एक-दोन महिने पुढे ढकलण्याची मुभाही धनकोला दिली. खिशात मावणारे कॅल्क्युलेटर तोवर शाळकरी मुलांकडे होते. पेन्सिलवाल्या कारकुनाची सबब संपली होती, तिच्यासाठी केलेला नियम मात्र नव्याने छापला जात होता. तो २००४च्या नियमावलीने गेला. ३१ मे २००५पासूनच्या नव्या करारांना शिलकीवर आधारलेलं सूत्र लागू झालं, जुन्या करारांना आणखी काही वर्षांची सवड मिळाली.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे नोंदवायला हवं. कर्ज देतानाचा खर्च, म्हणजे चौकशी, कागदपत्रं, दलालाचं कमिशन, पहिल्या दिवशीच होतो, आणि लवकर फेडणारा माणूस तो भरून निघण्याआधीच निघून जातो. हे खरं आहे. पण मग तो खर्च ठरावीक शुल्क म्हणून उघड मागावा. तो दहा हजारांच्या पंधरा वर्षांच्या कर्जात तीन वर्षांनी १,५४३ डॉलर आणि बाराशेच्या वर्षाच्या कर्जात सहा महिन्यांनी ४३ सेंट कसा होतो, याचं उत्तर या युक्तिवादात नाही. दर आणि मुदतीबरोबर फुगणारी रक्कम कागदपत्रांच्या खर्चाची असू शकत नाही.

भारतात याच प्रश्नाला एक वेगळंच उत्तर लिहिलं गेलं होतं, आणि ते फारसं कोणाच्या लक्षात नाही. १९७२च्या भाडेखरेदी कायद्यात, म्हणजे हायर-पर्चेस अ‍ॅक्टमध्ये, मुदतीआधी पैसे भरून वस्तू घेणाऱ्याला सवलतीचा हक्क होता. तिचं सूत्र : भाडेखरेदीच्या एकूण किमतीचा जेवढा हिस्सा अजून देय व्हायचा आहे, तेवढाच हिस्सा आकाराचा घ्यायचा आणि त्याचे दोन-तृतीयांश परत करायचे. यातही दर नाही, बेरीजही नाही. बारा हप्त्यांच्या कर्जाला ते लावून पाहिलं तर मजा येते. एकच हप्ता भरून फेडणाऱ्याला ७८चा नियम ८५ टक्के आकार परत देतो, भारतीय सूत्र ६१ टक्केच. पण सहा हप्त्यांनंतर ७८चा नियम २७ टक्के देतो आणि भारतीय सूत्र ३३. तीनच हप्ते उरले असतील तर ८च्या जागी १७ टक्के. सात किंवा त्याहून कमी हप्ते उरले की आपल्या सूत्राचा उदारपणा खऱ्या व्याजाच्याही पुढे जातो. चूक दोन्ही सूत्रांत आहे, पण आपल्याकडची कधी इकडे तर कधी तिकडे पडते. हा कायदा संसदेने केला, प्रत्यक्षात कधी अंमलात आला नाही, आणि २००५ साली रद्दच झाला.

त्यामुळे ‘फ्लॅट रेट’ने दिलेल्या कर्जाच्या मुदतपूर्व फेडीचं काय, हे आपल्याकडे बराच काळ करारावर आणि समोरच्याच्या मर्जीवर राहिलं. आता निदान बँका आणि वित्तकंपन्यांच्या किरकोळ कर्जांपुरतं चित्र बदललं आहे. ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेने सक्तीच्या केलेल्या मुख्य तथ्यपत्रकात खरा वार्षिक दर द्यावा लागतो आणि प्रत्येक हप्त्यातलं मुद्दल आणि व्याज दाखवणारं कोष्टकही द्यावं लागतं. सहकारी पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. तिथे हे कोष्टक मागून घ्यावं लागेल.

कोष्टक हाती आलं की कोणती पद्धत वापरली आहे हे दोन मिनिटांत ओळखता येतं. एक लाख रुपये, तीन वर्षं, फ्लॅट १० टक्के. व्याज ३०,००० रुपये, हप्ता ३,६११, खरा दर सुमारे १८ टक्के. व्याजाच्या रकान्यात पहिले तीन आकडे १,६२२, १,५७७, १,५३२ असे असतील, म्हणजे दर महिन्याला सारखेच ४५ रुपये कमी होत असतील, तर ती अंकांच्या बेरजेची, म्हणजे ७८चीच पद्धत, नाव काहीही दिलेलं असो. तेच आकडे १,४९३, १,४६२, १,४२९ असे असतील आणि घसरण दर महिन्याला थोडी थोडी वाढत असेल, तर व्याज शिलकीवर आहे. दुसरी खूण पक्की आहे : कोणत्याही महिन्याच्या व्याजाला त्या महिन्याच्या सुरुवातीच्या मुद्दलाने भागा. शिलकीवरच्या कर्जात उत्तर छत्तीसही महिने एकच यायला हवं, इथे ते १.४९ टक्के. बेरजेच्या पद्धतीत ते पहिल्या महिन्यात १.६२ येतं आणि पुढे उतरत जातं. छत्तिसाव्या महिन्यात व्याज फक्त ४५ रुपये लागतं, जिथे शिलकीप्रमाणे ५३ लागलं असतं. पण ही आठ रुपयांची बचत होते ती शेवटच्या हप्त्यापर्यंत थांबलेल्या माणसाची, आणि त्याने तोवर एकूण व्याज तीस हजारच भरलेलं असतं.